तुरीवर फवारणी करण्याआधी: औषधाच्या पाकिटातलं पत्रक असं वाचा

सोलापूर जिल्ह्यात तूर फुलोऱ्यातून शेंगेत येताना शेंगा पोखरणारी अळी दिसू लागते आणि दुकानातून एमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजीचं पाकीट घरी येतं. पाकिटावर जागा थोडी असते. पीकवार तक्ता आतल्या घडीच्या पत्रकात, बारीक अक्षरात असतो. ते पत्रक बांधावर टाकून देऊ नका, कारण खरा हिशेब त्यातच आहे.

तक्त्यात तुरीच्या ओळीत मात्रेचे दोन आकडे दिसतात, ११ ग्रॅम आणि २२० ग्रॅम, आणि दोन्ही हेक्टरी असतात. ११ ग्रॅम हा सक्रिय घटक, म्हणजे अळी मारणारा निव्वळ अंश. पाकिटातल्या १०० ग्रॅम दाण्यांत तो फक्त ५ ग्रॅम असतो, म्हणून ११ ग्रॅम मिळवायला २२० ग्रॅम दाणे लागतात. मोजायचा आकडा हा दुसरा. चुकून पहिला धरला तर विसावा हिस्साच औषध पडतं आणि अळी तशीच राहते.

आता हेक्टरचा एकर करू. अडीचने भागलं की एकरी ८८ ग्रॅम येतात. पाणी हेक्टरी किमान ५०० लिटर, म्हणजे एकरी २०० लिटर. १५ लिटरच्या पंपाने हे सव्वातेरा ते साडेतेरा पंप होतात आणि पंपाला ६.६ ग्रॅम बसतात. रान एकराहून कमी असेल तर गुंठ्याला २.२ ग्रॅम औषध आणि ५ लिटर पाणी धरा.

गावात सहसा ‘पंपाला १० ग्रॅम टाका’ असं सांगितलं जातं. ऐकायला ते जास्त वाटतं. पण एकरात सहाच पंप मारले तर औषध ६० ग्रॅम आणि पाणी ९० लिटर पडलं. पंपातलं द्रावण लेबलपेक्षा कडक आणि रानाला मिळालेलं औषध मात्र कमी! दाटलेल्या तुरीत आतल्या शेंगांपर्यंत फवारा पोचत नाही, तिथली अळी वाचते, मग ‘औषध डुप्लिकेट होतं’ म्हणून आठवड्यात दुसरी फवारणी होते. म्हणून औषध आणि पाणी दोन्ही आधी एकराला मोजा, पंपाचा हिशेब त्यानंतर.

६.६ ग्रॅम झाकणाने किंवा चिमटीने मोजता येत नाहीत. त्यापेक्षा छोट्या वजनकाट्यावर ८८ ग्रॅम एकदाच तोला. खुणा असलेल्या कॅनमध्ये थोडं पाणी घेऊन दाणे काठीने ढवळत पूर्ण विरघळवा आणि पाणी घालून एकूण २ लिटर करा. एसजी म्हणजे पाण्यात विरघळणारे दाणे, त्यामुळे हे जमतं. पंप निम्मा भरून त्यात हे द्रावण १५० मिलि घाला, मग उरलेलं पाणी भरा. द्रावण त्याच दिवशी संपवा. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते कधीही ठेवू नका, घरातलं लेकरू ती बाटली तोंडाला लावतं. दाणे उरले तर मूळ पाकिटातच घडी घालून कुलपात ठेवा.

तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यातल्या ‘प्रतीक्षा कालावधी’चा अर्थ सर्रास चुकतो. दोन फवारण्यांमधलं अंतर असा तो नाही. शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत थांबायचे हे दिवस आहेत, आणि तुरीला ते १४ आहेत. २० नोव्हेंबरला फवारलं तर ४ डिसेंबरच्या आधी शेंग तोडायची नाही. वाळलेल्या तुरीला हे आपोआप पाळलं जातं, फसगत होते ती ओल्या शेंगांत. उकडून खायला किंवा बाजारात न्यायला बांधाकडेच्या शेंगा चौथ्या-पाचव्या दिवशीच तोडल्या जातात. त्याच पत्रकात वांगी, कोबीला ३ दिवस लिहिलेले असतात. तो आकडा तुरीला लावू नका. ज्या पिकाचं नावच तक्त्यात नाही, त्याची मात्रा आणि थांबायचे दिवस अंदाजाने ठरवता येत नाहीत, म्हणून त्यावर हे मारू नका. खाण्यापुरत्या शेंगा हव्या असतील तर फवारणीआधीच तोडून घ्या.

पाकिटावरच्या चौकोनातला खालचा रंगीत त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा असला तरी हातमोजे, तोंडावर मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा लागतोच. वाऱ्याकडे पाठ करून चाला आणि नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका.

तूर फुलात असताना मधमाश्या सकाळपासून रानात असतात आणि हे औषध त्यांना घातक आहे, म्हणून फवारणी मावळतीला, त्या परतल्यावर करा. पंप शेततळ्यात किंवा विहिरीवर धुऊ नका, माशांनाही ते विषारी आहे.

कुणाला चक्कर, मळमळ वाटली तर काम थांबवून अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना पाकीट व पत्रक बरोबर न्या. या औषधाला खास उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार होतात, आणि पोटात काय गेलंय हे डॉक्टरांना त्या कागदावरूनच नेमकं कळतं.