अंत्यटीपेत काय ढकलू नये

पुण्याला पाणी पुरवणाऱ्या पेशवेकालीन कात्रज नळाविषयी सर्वसामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिताना ‘उच्छ्वास’ म्हणजे भूमिगत नळात हवा खेळती ठेवणारे उभे झरोके, हा अर्थ पहिल्याच उल्लेखात सांगावा. शब्दसूचीत तो पुन्हा द्यायचा तो पन्नास पानांनंतर शब्द विसरलेल्या वाचकासाठी. ज्या माहितीवाचून वाक्य कळत नाही, ती अंत्यटीपेत ढकलू नये. मजकुरात टीपक्रमांक न घालता टिपेपुढे पृष्ठक्रमांक आणि वाक्यातले दोन-तीन शब्द दिले, तर वाचन अडखळत नाही, म्हणून मला ही पद्धत अधिक पसंत आहे. मात्र पृष्ठक्रमांक अंतिम पानजुळणीनंतरच भरावेत, कारण एक परिच्छेद सरकला तरी पुढचे क्रमांक चुकू शकतात. मोडी पत्राचे संपूर्ण लिप्यंतर परिशिष्टात द्यावे आणि प्रकरणात त्यातल्या नेमक्या दोनच ओळी ठेवाव्यात.