सागवानी टेबलावरचे शाईचे डाग : आधी पॉलिश ओळखा, मग शाई

टेबलावर शाईचा डाग दिसला की हाताला जे लागेल ते घेऊन घासायला सुरुवात होते. टूथपेस्ट आणि नेलपॉलिश रिमूव्हर हे त्यातले दोन लाडके उपाय, आणि दोन्ही डागापेक्षा जास्त नुकसान करतात. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते. ती शाईबरोबर पॉलिशची चकाकीही उतरवते, मग निळ्या ठिपक्याच्या जागी तळहाताएवढा निस्तेज पट्टा राहतो. रिमूव्हर बहुतेक वेळा ॲसिटोनचा असतो आणि तो जुनं पॉलिश मिनिटभरात विरघळवून चिकट करतो.

शाई नेमकी कुठे आहे हे आधी पाहायचं. ती पॉलिशच्या वर असेल, पॉलिशमध्ये मुरलेली असेल किंवा पॉलिश झिजलेल्या जागेतून थेट लाकडात उतरलेली असेल. वर असलेली शाई पुसून निघते. मुरलेल्या शाईसाठी पॉलिशचा तेवढा थर काढावा लागतो. लाकडात उतरलेल्या शाईला रासायनिक उपाय लागतो.

पॉलिश कोणतं, ते असं ओळखा

टेबलाच्या खालच्या बाजूला, पायाजवळ, कुणाला दिसणार नाही अशी जागा निवडा. तिथे पाण्याचा थेंब ठेवा. दोन-तीन मिनिटांत थेंब शोषला गेला आणि लाकूड काळपट झालं, तर पॉलिश उरलेलं नाही किंवा फक्त तेल लावलेलं आहे. शाळेच्या जुन्या बाकांचा वरचा भाग बहुतेक वेळा असाच निघतो, मनगटं घासून घासून पॉलिश गेलेलं असतं.

थेंब तसाच उभा राहिला तर तो पुसा आणि कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट तिथे दाबून धरा. जागा चिकट झाली आणि बोळ्याला तपकिरी रंग आला, तर ते लाखेचं म्हणजे चपड्याचं स्पिरिट पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर हीच चाचणी थिनरने करा. थिनरने मऊ पडलं तर लॅकर. तरीही ढिम्म हललं नाही तर पीयू किंवा मेलामाइनसारखं कडक पॉलिश आहे, आणि तुमचं काम सोपं आहे.

कडक पॉलिशवरचा बॉलपेन किंवा परमनंट मार्करचा डाग स्पिरिटने भिजवलेल्या कापडाने सहसा निघतो. कापडाची जागा सतत बदला, नाहीतर विरघळलेली शाई तुम्हीच पसरवाल. फाउंटन पेनची ताजी शाई असेल तर आधी कोरड्या कापडाने टिपून घ्या, घासू नका, मग ओल्या कापडाने पुसा.

स्पिरिट पॉलिशवर बॉलपेन असेल तर पेच पडतो, कारण बॉलपेनची शाई ज्यात विरघळते त्यातच पॉलिशही विरघळतं. इथे कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून कागदावर टिपून घ्या, म्हणजे ती जेमतेम ओलसर राहील. ती रेघेवरून फिरवत न्या, घासू नका. एकदा फिरवली की काडी बदला. बोटाला जागा चिकट लागली की थांबा आणि अर्धा तास वाळू द्या. रेघ फिकट होत गेली पण पुरती गेली नाही, तर शाई पॉलिशमध्ये मुरली आहे. लाखेच्या पॉलिशची एक चांगली बाजू अशी की नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे तेवढ्याच जागेचं पॉलिश काढून पुन्हा लावता येतं. पीयूमध्ये असं ठिगळ दिसतंच.

लाकडात उतरलेली निळी-काळी शाई

आता अवघड प्रकार. सागवानी टेबल, स्पिरिट पॉलिश, मधल्या फळीवर पॉलिश झिजलेलं आणि तिथे कधीकाळी सांडलेल्या निळ्या-काळ्या शाईचा वाटीच्या तळाएवढा डाग. कडेला निळसर, मध्ये जवळजवळ काळा.

हा काळा रंग बहुधा लोहाचा असतो. जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचा क्षार आणि टॅनिन असतं. हवा लागली की त्यांचं काळं, पाण्यात न विरघळणारं संयुग बनतं. म्हणून साबण, पाणी, स्पिरिट यांपैकी कशानेच ते हलत नाही. त्यावर चालतं ऑक्झॅलिक ॲसिड, कारण ते लोहाला धरून पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणतं. लिंबाचा रसही याच दिशेने काम करतो, पण इतका हळू की जुन्या डागावर त्याचा उपयोग नाही.

सुरू करण्याआधी फळीची कड पाहा. वरच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरत असतील तर लाकूड भरीव आहे. कडेला वेगळी पट्टी किंवा थर दिसला तर वर व्हेनिअर आहे. ते बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं आणि जास्त पाण्याने डिंक सुटून फुगतं. व्हेनिअरवर पुढचं सगळं काम कमी पाण्यात आणि जवळजवळ न घासता करायचं.

पहिलं काम म्हणजे पूर्ण फळीवरचं पॉलिश स्पिरिट आणि नायलॉनच्या घासणीने काढणं. फक्त डागापुरतं काढू नका. ॲसिड शाईबरोबर लाकडाचा वरचा काळपटपणाही घालवतं आणि मग डागाच्या जागी फिका चट्टा उठतो. एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत सगळी फळी घेतली तर फरक सांध्यावर संपतो आणि खटकत नाही. स्टीलची लोकर मात्र टाळा. तिचे तुकडे लाकडाच्या छिद्रांत अडकले आणि पाणी लागलं की लाकडातल्या टॅनिनमुळे नवे काळे ठिपके उमटतात.

मग काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात अर्धा लिटर गरम पाणी घ्या आणि त्यात सुमारे 30 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, म्हणजे सपाट दोन मोठे चमचे, विरघळवा. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. हे विषारी आहे. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा, मुलं आणि पाळीव प्राणी आसपास नकोत.

नायलॉनच्या ब्रशने हे पाणी आधी डागावर आणि लगेच पूर्ण फळीवर सारखं पसरवा. साधारण 20 मिनिटं ओलं राहू द्या, सुकायला लागलं तर पुन्हा लावा. काळा भाग करडा आणि मग पिवळसर होताना डोळ्यांदेखत दिसतो. सागाची छिद्रं मोठी असल्यामुळे डाग गेल्यावरही रेषांच्या दिशेने बारीक काळ्या रेघोट्या उरतात. ती छिद्रांत बसलेली शाई असते. तिथे जुन्या टूथब्रशने रेषांच्या दिशेने द्रावण चोळा. गरज पडल्यास साध्या पाण्याने धुऊन सगळं पुन्हा एकदा करा. तीनदा करूनही फरक पडला नाही तर ॲसिड वाया घालवू नका, उरलेला रंग लोहाचा नाही.

काळं जाऊन मागे निळसर छटा राहणं नेहमीचं आहे. त्या शाईत लोहाबरोबर निळा रंगही घातलेला असतो, लिहिताना अक्षर दिसावं म्हणून. रंगावर ऑक्झॅलिक चालत नाही, त्याला साधं घरगुती क्लोरीन ब्लीच लागतं. साध्या निळ्या शाईचा डाग असेल तर सुरुवातच ब्लीचने करा.

ॲसिड पुरतं धुतल्याशिवाय ब्लीचला हात लावू नका

ब्लीच आणि कोणतंही ॲसिड एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. म्हणून आधी फळी स्वच्छ पाण्याच्या स्पंजने तीनदा पुसा. मग लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे खायचा सोडा घालून एकदा फिरवा आणि लगेच पुन्हा साध्या पाण्याने पुसा. सोडा लाकडावर रेंगाळू देऊ नका, टॅनिनमुळे लाकूड काळवंडू शकतं. त्यानंतर रात्रभर वाळवा. दुसऱ्या दिवशी निळ्या छटेवर ब्लीच ब्रशने लावा, 15 ते 20 मिनिटं ठेवा, धुवा आणि पुन्हा एक रात्र वाळू द्या. ब्लीच आणि स्पिरिटही एकमेकांजवळ येऊ देऊ नका.

वाळल्यावर फळी हाताला खरखरीत लागेल, कारण ओलाव्याने तंतू उभे राहतात. 220 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने हलका हात मारा, मास्क लावून, कारण धुण्यातून राहिलेले ॲसिडचे कण धुळीबरोबर नाकात गेले तर झोंबतात. घासता घासता पांढरी पूड दिसली तर धुणं अपुरं झालंय, पुन्हा धुवा.

बाकावरच्या बॉलपेनच्या रेघा असतील तर या टप्प्यावर आणखी एक चाचणी हवीच. बॉलपेनने लाकडात खोबण पडते आणि शाई तिच्या तळाशी बसते, वरून घासून तिथे पोचता येत नाही. पांढऱ्या कापडावर स्पिरिट घेऊन ती जागा पुसा. कापडाला जांभळा रंग आला तर पॉलिश लावू नका. पॉलिशमधलं स्पिरिट ती शाई वर ओढून घेईल आणि ताज्या थरात जांभळट ढग पसरेल. कापड पांढरं राहीपर्यंत काडीने खोबण साफ करत राहा. ब्लीच वापरलेलं असेल तर हे सगळं लाकूड धुऊन पूर्ण वाळल्यावरच.

शेवटी चपड्याचं पातळ पॉलिश सुती कापडाच्या बोळ्याने लावा, दोन हातांमध्ये निदान तासभर जाऊ द्या. तीन-चार हातांनंतर फळी शेजारच्या फळ्यांपेक्षा फिकी दिसली तर पुढच्या हातात थोडा गडद चपडा मिसळा. रंग मात्र लाकूड कोरडं असताना ठरवू नका. स्पिरिटने ओलं केल्यावर ते जसं दिसतं, साधारण तसंच ते पॉलिशखाली दिसणार आहे.