लिस्टेरियाचा प्रश्न आणि ‘फ्रिज तर 4 वर होता’: या चुका टाळा

ठाण्यात अन्नसुरक्षेच्या परीक्षेची तयारी करून घेताना एक प्रश्न मी दर बॅचला टाकतोच. डोहाळजेवण आहे. चिकन सलामीचं पाकीट सहा दिवसांपूर्वी फोडलंय, फ्रिज 4 अंशांवर आहे, पाकिटावरची तारीख उलटलेली नाही. गरोदर बाईला थंड सँडविच द्यायचं का? निम्मा वर्ग ओरडतो, “द्यायचं सर, फ्रिज 4 वर होता ना!”

‘5 ते 60 अंश हा जंतू झपाट्याने वाढण्याचा, धोक्याचा पट्टा’ एवढंच घोकून आलेल्यांचं हे उत्तर. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजमध्येही वाढतो, हळूहळू का होईना. म्हणजे या प्रश्नात 4 हा आकडा फसवा आणि सहा दिवस हा कामाचा. छापलेली तारीख न फोडलेल्या पाकिटाची असते. आणि वास घेऊन ठरवू नका. या जंतूने ना वास बदलतो, ना रंग.

मग सलामी गरम करून द्यायची? हो, पण इथेच दुसरी चूक होते, आणि ती मी स्वतः केली आहे. नवी मुंबईतल्या एका केटररकडे होतो तेव्हा सलामी मायक्रोवेव्हमधून काढली, कडेला वाफ दिसली, थर्मामीटर कडेलाच टोचला: 80. खूश! आमच्या जुन्या आचाऱ्याने काही न बोलता काटा ढिगाच्या मधोमध खुपसला. 52. तेव्हापासून मी काप एकावर एक रचत नाही, पसरून ठेवतो आणि मध्यभागी 75 दिसल्याशिवाय ताट पुढे सरकवत नाही.

एका हुशार मुलाने लिहिलं होतं, ‘75 पर्यंत तापवून, थंड करून, काप करून वाढावे.’ अर्धे गुण कापले. सलामी कारखान्यात शिजलेलीच असते. जंतू बहुतेकदा नंतर लागतो, स्लायसरच्या पात्यामागच्या चिकट थरातून. तापवलेला तुकडा पुन्हा त्याच पात्याखाली घातला की केलेलं सगळं पाण्यात. गरम केलं की गरमच वाढा.

फ्रीझरमध्ये ठेवणं हा उपाय नाही. जंतू तिथे मरत नाही, नुसता थांबतो.

‘परवा खाल्लं, अजून ताप नाही, म्हणजे सुटली’ हा पर्यायही बिनधास्त खोडा. लक्षणं दिसायला 70 दिवसही लागू शकतात. आईला बहुतेकदा अंगदुखी आणि किरकोळ ताप एवढंच होतं, पण गर्भपात होऊ शकतो किंवा बाळ पोटातच दगावू शकतं. म्हणून प्रश्नात गरोदर बाईला ताप आल्याचं लिहिलं असेल, तर कालच्या जेवणावर अडकू नका. मागच्या 70 दिवसांत थंडच खाल्लेलं काय काय होतं ते शोधा.