पोत दाखवणारे मॅक्रो फोटो: या चुका टाळा

सर्वात आधी f/22 चा नाद सोडा. मॅक्रोमध्ये फोकसची खोली कमी मिळते म्हणून नवशिके डोळे झाकून छिद्र लहान करत जातात. मीही केलंय. राखाडी ट्विल कापडाचे, म्हणजे तिरक्या रेघांच्या विणीच्या कापडाचे, क्लोज-अप काढायचे होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास दिसले, कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे केले तर धाग्यांवरची लव गायब. ज्यांचं काम होतं ते म्हणाले, "धुऊन धुऊन विटलेलं वाटतंय." मी आधी लेन्सला दोष दिला, मग ट्रायपॉडला. अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी बाकी काहीही न बदलता f/8 ठेवलं आणि एकेक तंतू मोजता येऊ लागला.

कारण साधं आहे. 1:1 वर, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा, लेन्सचं छिद्र प्रत्यक्षात दुपटीने लहान असल्यासारखं वागतं: f/22 लावलंत तर परिणाम f/44 चा, आणि तिथे विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ होतं. f/8 वर फुल फ्रेमला खोली जेमतेम एक मिलिमीटर मिळते हे खरं, पण सपाट कापडाला तेवढी पुरते.

पुरते, पण कॅमेरा कापडाला समांतर असेल तरच. इथे लोक अंदाजपंचे काम करतात. मी कापडावर छोटा सपाट आरसा ठेवतो आणि व्ह्यूफाइंडरमधून बघतो. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की झालं. दोन मिनिटांचं काम आहे, तरी "नंतर फोकस स्टॅकिंग करू" म्हणणारे भेटतातच. स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकात जोडणं, खडबडीत लाकडासाठी ठेवा, आळसासाठी नको.

फोटो मऊ आला तर चूक कुठली, हे फोटोच सांगतो. सगळीकडे सारखाच मऊ आणि छिद्र बारीक, तर विवर्तन. एक बाजू धारदार, दुसरी पुसट, तर कॅमेरा तिरका. एकाच दिशेच्या कडा दुहेरी दिसल्या तर हादरा. मी दोन सेकंदांचा टायमर कधीच बंद करत नाही.

प्रकाश समोरून मारला की वीण सपाट होते. दिवा बाजूला, पृष्ठभागापासून दहा-पंधरा अंशांवर आणा. ट्विलच्या तिरक्या रेघांना तो आडवा पडला पाहिजे. रेघांच्या दिशेने आला तर त्या दिसेनाशा होतात. दिवा हलवत बसण्यापेक्षा मी कापडच फिरवतो. ब्रश केलेल्या धातूलाही हेच, फक्त दिव्यापुढे मोठा डिफ्यूझर लावा, नाहीतर मध्ये पांढरा पट्टा येतो.

तिरक्या प्रकाशात धुळीचा कणही खडा वाटतो. आधी लिंट रोलर, मग ब्लोअर. फुंकर नको, थुंकी उडते.

आणि शार्पनिंगची पट्टी ओढून धागे परत येत नाहीत, फक्त कडांना पांढरी किनार येते.