डीमॅट खात्याला बचत खाते जोडताना: कोणते, कसे आणि कशाला होकार द्यायचा नाही

डीमॅट आणि ट्रेडिंग खाते हल्ली घरबसल्या उघडता येते. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा बचत खाते जोडताना, आणि पुढे पैसे किती सुरक्षित राहणार हेही तिथेच ठरते. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या निवृत्त मावशीचे खाते नुकतेच उघडून दिले. त्याच क्रमाने सांगतो.

आधी ब्रोकर तपासा. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत ब्रोकरांची यादी आहे आणि त्यांचा नोंदणी क्रमांक INZ या अक्षरांनी सुरू होतो. अॅप घ्यायचे ते ब्रोकरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या लिंकवरून. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेल्या लिंकला हातही लावू नका. बनावट ट्रेडिंग अॅपमध्ये आयुष्याची पुंजी गेल्याच्या बातम्या पुण्यात सतत वाचायला मिळतात.

मग खाते कोणते जोडायचे? मावशी पेन्शनचेच खाते देणार होती. मी तिला त्याच बँकेत दुसरे बचत खाते काढायला लावले. खाते जोडले म्हणून ब्रोकर त्यातून आपणहून पैसे काढू शकत नाही, हे खरे. पण मोबाइल किंवा यूपीआय पिन चुकीच्या हाती गेला, तर जे खाते या व्यवहारांत रोज वापरात आहे त्यालाच आधी झळ बसते. गुंतवायचे तेवढेच पैसे त्यात असावेत. आणि खाते स्वतःच्याच नावावर हवे. मुलाच्या खात्यातून पाठवलेले पैसे ब्रोकर स्वीकारत नाही.

यानंतर अडचण येते ती नावाची. ब्रोकर पडताळणीसाठी तुमच्या खात्यात एक रुपया टाकतो. त्यासोबत बँकेकडून खातेदाराचे नाव परत येते आणि ते पॅनवरच्या नावाशी ताडून पाहिले जाते. आपल्याकडे पासबुकावर आडनाव आधी असते, मधले नाव कुठे वडिलांचे तर कुठे नवऱ्याचे. मावशीच्या पॅनवर माहेरचे आडनाव होते, बँकेत सासरचे, त्यामुळे अर्ज परत आला. नुसता नावांचा क्रम वेगळा असेल, तर नाव छापलेला रद्द केलेला चेक अपलोड करून अनेकदा काम भागते. आडनावच वेगळे असेल तर मात्र पॅन किंवा बँकेतले नाव आधी बदलून घ्या. आम्ही पॅन दुरुस्त करून घेतले, मगच पुढे गेलो. संयुक्त खाते देणार असाल तर पहिले नाव तुमचे असलेले बरे.

अर्जातला मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. ओळखीतला कुणी ‘माझा नंबर टाकतो, सोपं पडेल’ म्हणाला तरी नाही म्हणा. शेअर खात्यातून गेल्याचा एसएमएस त्याच नंबरवर येतो. फ्युचर्स-ऑप्शन्सच्या चौकटीवर खूण असेल तर ती काढा. साध्या शेअर खरेदीला तिची गरज नाही.

सह्या करताना डीडीपीआय नावाचा कागद समोर येतो. हा दिला की तुम्ही शेअर विकले की ब्रोकर ते तुमच्या डीमॅटमधून परस्पर काढू शकतो. तो ऐच्छिक आहे, त्याच्याविना खाते अडत नाही. न दिल्यास, तुमच्या शेअरची नोंद ठेवणारी डिपॉझिटरी सीडीएसएल असेल तर, दर विक्रीच्या वेळी तिने दिलेला टीपिन हा गुप्त क्रमांक आणि ओटीपी टाकावा लागतो. वर्षातून दोन-चारदा विकणाऱ्याने हा त्रास जरूर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

खाते सुरू झाले की आधी पाचशे रुपये पाठवा. यूपीआयने पाठवणार असाल तर ब्रोकरचा पत्ता नीट वाचा. सेबीने ऑक्टोबर 2025 पासून अशा पत्त्यांना खास ओळख दिली आहे: @ च्या आधी `.brk` आणि @ नंतर `valid` व बँकेचे नाव. एखाद्या व्यक्तीच्या नावाचा किंवा भलत्याच कंपनीचा खातेक्रमांक दिला, तर तिथेच थांबा. पाचशे पोहोचले की त्यातले दोनशे परत मागवा आणि ते जोडलेल्याच खात्यात आले का, पासबुकात पाहा.

शेवटची तपासणी ब्रोकरच्या अॅपमध्ये करू नका. एक स्वस्त शेअर घ्या. तो पुढच्या कामकाजाच्या दिवशी डीमॅटमध्ये जमा होतो. मग सीडीएसएलच्या Easi किंवा दुसरी डिपॉझिटरी एनएसडीएल हिच्या IDeAS या ऑनलाइन सेवेवर स्वतः नोंदणी करून तो दिसतो का बघा. बनावट अॅप पडद्यावर हवा तेवढा नफा दाखवू शकते, डिपॉझिटरीच्या नोंदीत एकही शेअर घालू शकत नाही. तिथे तुमचे नावच सापडले नाही, तर आणखी एक रुपयाही न पाठवता लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा.