‘माझी तीन मूल्ये’ लिहिताना या चुका टाळा

नववी ते बारावीच्या मुलांना ‘तुमची तीन मूल्ये कारणांसह लिहा’ असं सांगितलं की वर्गातल्या निम्म्या वह्यांत एकच उत्तर येतं: प्रामाणिकपणा, कष्ट आणि आई-वडिलांचा आदर. मुलं खोटं लिहीत नसतात. प्रश्न ऐकताच त्यांना परिपाठ आठवतो. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, राष्ट्रभक्ती हे शब्द वर्षानुवर्षं कानावरून गेलेले असतात आणि पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर उद्देशिकेतली न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता असतेच. त्या साठ्यातून तीन शब्द उचलून दिले की काम संपतं. पण ती यादी शाळेची झाली. लिहिणाऱ्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

हा स्वाध्याय बिघडतो तो बहुतेक वेळा क्रमामुळे. आधी मूल्याचा शब्द आणि मग त्याला शोभेल असा प्रसंग, अशी चाल असते. ती उलटी करायची. आधी प्रसंग लिहायचे, शब्द सगळ्यात शेवटी. यासाठी सलग दोन तासिका ठेवा, एका तासिकेत घाई होते.

प्रसंग न लिहिताच शब्द निवडणे

पहिली 15 मिनिटं कोऱ्या कागदावर पाच प्रसंग लिहायचे, प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत. दोन असे, की ज्यांत स्वतःचं वागणं स्वतःला आवडलं. दोन असे, की ज्यांत दुसऱ्याच्या वागण्याचा मनापासून राग आला. आणि एक असा, की ज्यात हवी असलेली गोष्ट सोडून दिली. हा कागद शिक्षकांनी गोळा करायचा नाही आणि हे सुरुवातीलाच सांगायचं. कागद सर बघणार आहेत म्हटलं की राग गायब होतो आणि पाचही प्रसंग वृक्षारोपणाचे निघतात.

रागाचे प्रसंग मुद्दाम घेतलेत. जे मूल्य आपण अंगवळणी पाडलेलं असतं ते रोज जाणवत नाही, कुणी त्यावर पाय दिला की जाणवतं. ‘मला काही सुचतच नाही’ म्हणणाऱ्या मुलाला ‘तुझी मूल्यं कोणती’ असं पुन्हा विचारू नका. ‘गेल्या महिन्यात कुणाशी वाजलं आणि कशावरून?’ असं विचारा. पेन चालू लागतं.

प्रसंग रोजचेच हवेत. बसमधली जागा, गटप्रकल्प, क्लासची फी, मोबाइलचा पासवर्ड, धाकट्या भावंडाचा अभ्यास. मोठं काही घडलेलं नाही म्हणून थांबायचं कारण नाही.

ध्येय, आवड किंवा माणूस यांना मूल्य समजणे

‘डॉक्टर होणे’ हे ध्येय आहे, ‘क्रिकेट’ ही आवड आणि ‘आई’ ही व्यक्ती. ओळखायला एक प्रश्न पुरतो: हे मिळालं की संपतं का? डॉक्टरकीची पदवी एकदा हातात आली की त्या ओळीपुढे बरोबरची खूण करता येते. काळजी घेणं असं कधी संपत नाही. ‘कुटुंब’ हा शब्द फार येतो आणि तो खोडायला मुलं तयार नसतात. खोडायला सांगूही नये, पुढे ढकलावं: कुटुंबात तू नेमकं काय जपतोस? एकाचं उत्तर ‘दिलेला शब्द पाळणं’ असेल, दुसऱ्याचं ‘सगळ्यांनी एकत्र जेवणं’, तिसरीचं ‘घरातलं भांडण बाहेर न नेणं’. तिघांनीही ‘कुटुंब’ लिहिलं होतं, मूल्यं मात्र तीन निघाली.

‘यश’ आणि ‘सुख’ यांचं थोडं वेगळं आहे. मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने 1973 मध्ये मांडलेल्या मूल्यचाचणीत 18-18 शब्दांच्या दोन स्वतंत्र याद्या होत्या. एक आयुष्यात काय मिळवावंसं वाटतं त्याची, दुसरी कसं वागावंसं वाटतं त्याची. शाळकरी वयात दुसऱ्या प्रकारची मूल्यं लिहिणं सोपं जातं, कारण त्यांचा पुरावा कालच्या दिवसात सापडतो. ‘जगात शांतता’ लिहिलं तर प्रसंग कुठून आणणार?

तीन शब्द, पण मूल्य एकच

प्रामाणिकपणा, सत्य, विश्वासार्हता. असं त्रिकूट दिसलं की एक प्रसंग घ्या आणि तो तिन्ही शब्दांखाली ठेवून बघा. तिन्हीकडे चपखल बसला तर हातात एकच मूल्य आहे, दोन जागा रिकाम्या आहेत.

उलटी अडचणही येते. दहा शब्द जमतात आणि एकही सोडवत नाही. तेव्हा आधी साधारण सारखे शब्द एकत्र करून सहावर या. मग जोड्या लावा. सहा शब्दांच्या 15 जोड्या होतात. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न: या दोहोंपैकी एकच पाळता येणार असेल, तर दुसरं मोडल्याची खंत मी सहन करीन का? जो शब्द राहील त्यापुढे एक रेघ. शेवटी ज्यांच्यापुढे जास्त रेघा ते तीन घ्या. तिसऱ्या-चौथ्यात बरोबरी झाली तर प्रसंगांचा कागद काढा आणि ज्याच्यामागे प्रसंग आहे तो ठेवा. पाच-सात मिनिटांचं काम आहे, पण हे तोंडी करू नका. तोंडी केलं की शेजारचा सांगेल तेच ठरतं.

कारण म्हणून तेच वाक्य फिरवून लिहिणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा लागतो. ‘मला प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो, कारण प्रामाणिक माणूस सर्वांना आवडतो.’ हे कारण कुणाच्याही वहीत चालेल, म्हणून ते कारण नाही. चांगल्या कारणात दोन गोष्टी असतात: हे मूल्य मला कुठून लागलं, आणि ते पाळताना माझं काय गेलं. दुसरी गोष्ट मुलं टाळतात, कारण नुकसान सांगणं म्हणजे तक्रार करणं असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात वाचणाऱ्याचा विश्वास बसतो तो त्याच ओळीवर.

नमुन्यादाखल एक कच्चा मसुदा घेऊ. अकरावी वाणिज्यची विद्यार्थिनी, घरचं किराणा दुकान. तिने पहिल्यांदा लिहिलं: ‘माझी मूल्ये प्रामाणिकपणा, कुटुंब आणि यश ही आहेत. प्रामाणिकपणामुळे समाजात मान मिळतो. कुटुंब नेहमी आपल्या पाठीशी असते. यशासाठी मेहनत लागते.’

तिच्या प्रसंगांच्या कागदावर मात्र वेगळंच होतं. उधारीच्या वहीत एका गिऱ्हाइकाचे 200 रुपये जमा करायचे राहिले होते आणि वडील त्याच्याकडे पुन्हा मागत होते. तिने मागची पानं काढून चूक गिऱ्हाइकासमोरच दाखवली आणि संध्याकाळी वडिलांची बोलणी खाल्ली. गटप्रकल्पात काहीही न केलेल्या मुलाचं नाव मुखपृष्ठावर बघून तिला राग आला. भावाला अपूर्णांक समजेपर्यंत ती रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसली. मावशीकडे जायचं कबूल केलं होतं म्हणून कबड्डीची निवड चाचणी तिने सोडली.

आता शब्द आपोआप बदलतात. वही आणि मुखपृष्ठ हे दोन्ही प्रसंग सांगतात की तिला ज्याचं त्याला मिळायला हवं असतं. नुसता प्रामाणिकपणा म्हटलं तर मुखपृष्ठाचा राग त्यात मावत नाही, म्हणून ‘रास्तपणा’. मावशीचा प्रसंग ‘शब्द पाळणे’, भावाचा ‘धीर’. ‘यश’ गळून पडलं, कारण एकाही प्रसंगात ते नव्हतं. नवा मसुदा असा झाला:

‘रास्तपणा, शब्द पाळणे आणि धीर ही माझी तीन मूल्ये आहेत. ज्याचे श्रेय किंवा पैसा आहे तो त्यालाच मिळावा, याला मी रास्तपणा म्हणते. दुकानाची वही लिहिताना हे मला लागले. एका गिऱ्हाइकाचे 200 रुपये जमा करायचे राहिले होते. मी ते त्याच्यासमोर सांगितले, वडील रागावले, पण हिशेब बरोबर झाला. एकदा हो म्हटले की मी जाते. त्यासाठी कबड्डीची निवड चाचणी सोडली आणि त्याचे वाईट अजून वाटते. धीर मी भावाला शिकवताना शिकले. त्याला अपूर्णांक समजायला माझ्या अंदाजापेक्षा जास्त दिवस लागले. रास्तपणा आणि शब्द यांत ओढाताण झाली तर मी रास्तपणा निवडेन.’

शेवटचं वाक्य सहसा कुणी लिहीत नाही, पण ते मागावं. मूल्यं आपसांत भांडतात. मैत्रिणीला ‘कुणाला सांगणार नाही’ म्हटलं आणि तिने कॉपी केल्याचं कळलं, तर काय कराल? क्रम लिहिला नसेल तर तीन मूल्यांची नुसती यादी राहते. एक अर्थसुद्धा स्वतःच्या शब्दांत द्यावा, जसा इथे रास्तपणाचा दिलाय. तिन्हींचे अर्थ देत बसलात तर निवेदन शब्दकोशासारखं वाचलं जातं. एकूण 80 ते 120 शब्द पुरतात.

तपासताना होणारी गफलत

निवड काय केली यावर गुण देऊ नका. देशप्रेमाला आठ आणि ‘मोकळेपणा’ला पाच मिळाले की पुढच्या तुकडीत सगळे देशप्रेमी होतात. तपासायचं एवढंच: शब्द वेगवेगळे आहेत का, प्रत्येकाला प्रसंग आहे का, काय गेलं ते लिहिलंय का. मोठ्याने वाचून घ्यायचं असेल तर ज्याने हात वर केला त्यालाच उभं करा. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगात सातवीची मुलं आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या मूल्यांबद्दल लिहीत तेव्हा लेखन बंद पाकिटातून द्यायचं-घ्यायचं होतं. तिथला हेतू वेगळा होता, पाकिटाची पद्धत मात्र आपल्या वर्गातही चालते.

एका गोष्टीची तयारी ठेवा. प्रसंग खरे मागितले की कधीतरी घरातली मारहाण किंवा त्याहून गंभीर काही कागदावर येतं. तिथे वाक्यरचना दुरुस्त करत बसू नका आणि वर्गासमोर विषयही काढू नका. त्या मुलाशी एकट्याशी बोला, शाळेच्या समुपदेशकांना किंवा मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवा. मुलांसाठीची 1098 ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते आणि तिथे शिक्षकही फोन करू शकतात.