नकली अकाउंट दिसलं की आधी रिपोर्ट? या चुका टाळा

गडावरच्या पाण्याच्या टाक्यातला गाळ काढायच्या मोहिमेसाठी आमचं इन्स्टाग्राम चॅनल दर पावसाळ्याआधी वर्गणी मागतं. मागच्या वेळी चिंचवडच्या एका ताईंचा फोन आला, "दादा, दीड हजार पाठवलेत, पावती कधी मिळेल?" आमच्याकडे तर काहीच आलं नव्हतं. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. फोटो आमचा, माहिती आमची, हँडलही आमचंच दिसत होतं. नीट पाहिलं तेव्हा `_` हे चिन्ह एकाच्या जागी दोनदा होतं. दोन जोडून आले की मोबाइलवर ती एकच लांब रेघ वाटते.

मी लगेच सर्चमध्ये ते हँडल टाकलं, तर काहीच नाही. "उडवलं वाटतं," म्हणून निश्चिंत झालो. ही माझी पहिली चूक. नक्कल करणारा सगळ्यात आधी खऱ्या मालकालाच ब्लॉक करतो, त्यामुळे ते अकाउंट जगाला दिसतं, पण आपल्याला दिसत नाही. भावाच्या मोबाइलवरून पाहिलं, तर ते जिवंत होतं. आमच्या पोस्टवर कॉमेंट करणाऱ्यांना तिथून एकेक करून मेसेज जात होते.

अकाउंट नकली आहे हे ओळखायला फॉलोअर्सचा आकडा फारसा उपयोगी नाही, तो विकत मिळतो. पोस्टच्या तारखा बघा. आमच्या तीन वर्षांच्या मोहिमांचे फोटो तिथे दोन संध्याकाळींत चढवलेले होते. प्रोफाइलच्या तीन ठिपक्यांत `About this account` असेल, तर अकाउंट कधी उघडलं तो महिना कळतो, आणि पूर्वी नाव बदललं असेल तर तेही कळतं.

मग सगळे करतात तेच आम्ही केलं. ग्रुपवर लिहिलं, "सगळ्यांनी रिपोर्ट मारा!" ही दुसरी चूक, आणि मोठी. किती जणांनी रिपोर्ट केला यावर अकाउंट जाणं ठरत नाही. शिवाय आरडाओरडा झाला की समोरचा सावध होतो, हँडल बदलतो आणि जुनी लिंक मेली की पुरावाही जातो. आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने तर नकली पोस्टचा स्क्रीनशॉट स्टोरीला टाकला, क्यूआर कोडसकट. म्हणजे चोराची जाहिरात आमच्याच चॅनलवर! असा फोटो टाकायचाच असेल तर क्यूआर आणि यूपीआय आयडी आधी झाका.

खरं तर सुरुवात पैशांपासून करायला हवी होती. ज्यांचे पैसे गेले त्यांनी लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. आपली बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवायचा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत तक्रार पोचली, तर बँक ते रोखून धरू शकते. दुसऱ्या दिवशी फोन केला तर बहुतेक वेळा खातं रिकामं झालेलं असतं. फोननंतर `cybercrime.gov.in` वर तक्रार पूर्ण करायची. चॅनलवाल्यांचे पैसे गेलेले नसतात, त्यामुळे ही तक्रार वर्गणी देणाऱ्यानेच करावी लागते. आपण त्यांना फोनवर सोबत करायची.

दरम्यान पुरावा गोळा करा. पूर्ण प्रोफाइल लिंक, तारीख-वेळ दिसतील असे चॅटचे स्क्रीनशॉट, आणि मागितलेला यूपीआय आयडी अक्षर न् अक्षर उतरवून ठेवा.

यानंतर रिपोर्ट, तोही योग्य खणात. `Spam` नव्हे. तीन ठिपके, `Report`, मग दुसऱ्या कुणाचं सोंग घेतल्याचा पर्याय. मेनूतले शब्द मधूनमधून बदलतात, म्हणून अर्थ पाहून निवडा. ज्याची नक्कल झाली त्याने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने केलेल्या रिपोर्टला वजन असतं. तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर इन्स्टाग्रामच्या हेल्प सेंटरमधला फॉर्म भरा. त्यात सरकारी ओळखपत्राचा फोटो मागतात, तो तयार ठेवा.

वर्गणी देणाऱ्यांसाठी आम्ही आता एकच गोष्ट पिन करून ठेवली आहे, ती म्हणजे आमच्या संस्थेचं बँकेतलं नाव, जसंच्या तसं. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपमध्ये पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदवलेलं नावच दाखवायचा नियम आहे. त्यामुळे पिन टाकण्याआधी तिथे कुणा अनोळखी माणसाचं नाव दिसलं, तर मागे फिरता येतं. चिंचवडच्या ताईंनाही भलतंच नाव दिसलं होतं. "मला वाटलं, तुमचे खजिनदार असतील," त्या म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती. आमचं खातं कुणाच्या नावावर आहे हे आम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

ते अकाउंट गेलं. चार दिवसांनी दुसरं उगवलं, या वेळी हँडलच्या मध्येच एक टिंब होतं. मेसेज मात्र तोच, आणि यूपीआय आयडीही तोच. वहीत उतरवलेला असल्यामुळे लगेच ओळखू आला, आणि ताईंनी आपल्या जुन्या तक्रारीच्या क्रमांकाखाली ही नवी लिंकही पोलिसांना दिली.